३४ वर्षांचा अनुभव आणि पहिले बिल: एका निवृत्त देखभाल प्रमुखाच्या सल्लागारीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थांना आपण श्री. प. म्हणू. त्यांची व संबंधित कंपन्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात ते ३४ वर्षे होते आणि शेवटची बरीच वर्षे देखभाल व युटिलिटी विभागाचे प्रमुख होते. कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर, जनरेटर, विजेचे सबस्टेशन आणि वार्षिक शटडाउनचे नियोजन एवढे सारे त्यांच्या हाताखाली होते. २०२३ च्या मध्यावर वयाच्या ५८ व्या वर्षी ते निवृत्त झाले. शेवटचा पगार महिन्याला दीड लाखाच्या आसपास होता, घराचे कर्ज फिटलेले होते आणि मुलगी नोकरीला लागली होती. पैशाची निकड नव्हती, पण घरी बसवतही नव्हते.

निवृत्त अभियंत्यांना स्वतंत्र सल्लागारीची मांडणी करून देण्याचे काम मी करतो, त्या निमित्ताने ते माझ्याकडे आले. तेव्हा त्यांच्यापुढे दोन प्रस्ताव होते. पहिला त्यांच्याच जुन्या कंपनीचा होता: महिन्याला ६०,००० रुपये ‘रिटेनर’ म्हणून, आठवड्यातून चार दिवस पूर्ण वेळ हजेरी, प्लांट हेडच्या हाताखाली काम आणि इतर कोणत्याही कंपनीचे काम न घेण्याची अट. दुसरा प्रस्ताव प्रस्ताव म्हणण्याइतकाही पक्का नव्हता. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या मालकांनी फोनवर एवढेच म्हटले होते, की “साहेब, एकदा येऊन आमचे कॉम्प्रेसर बघून जा, विजेचं बिल फार येतंय. तुमचं काय असेल ते बघू.”

अडचण नेमकी कोठे होती

श्री. प. यांना कामाची खात्री होती, पण ते विकायचे कसे याची नव्हती. आपल्या परिचयपत्रात त्यांनी १४ सेवा लिहिल्या होत्या: देखभाल व्यवस्थापन, ऊर्जा बचत, प्रशिक्षण, सुरक्षितता, शटडाउन नियोजन, खरेदी, आणि असेच पुढे. प्रत्येक गोष्ट त्यांनी खरोखर केलेली होती, त्यामुळे एकही ओळ खोटी नव्हती. तरीही फाउंड्रीच्या मालकाला त्या यादीचा उपयोग शून्य होता. नोकरीत विभागप्रमुखाला सगळेच यावे लागते आणि त्याच्याकडे काम आपोआप चालत येते. बाहेरून बोलावलेल्या माणसाला मात्र ठरावीक दुखण्यासाठी बोलावले जाते, आणि ते दुखणे बरे झाले की नाही हे मोजून पाहिले जाते. म्हणून १४ पैकी अशी कोणती गोष्ट आहे, जी दोन-तीन भेटींत मोजता येईल, रुपयांत सांगता येईल आणि श्री. प. यांच्याशिवाय त्या फाउंड्रीत कोणी करणार नाही, हा पहिला निर्णय होता.

उत्तर लवकर सापडले: दाबयुक्त हवेची गळती. फाउंड्रीत मोल्डिंग यंत्रे, हवेवर चालणारे ग्राइंडर आणि सफाईच्या नळ्या यांमुळे हवेचे जाळे मोठे असते, आणि धूळ व उष्णतेमुळे होज आणि कपलिंग लवकर खराब होतात. दुर्लक्ष झालेल्या कारखान्यात तयार केलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा नुसती गळून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. उरलेल्या १३ सेवा परिचयपत्रातून काढून टाकताना त्यांना वाईट वाटले, आणि ते वाटणे स्वाभाविकच होते.

त्यांचे प्रश्न आणि मी दिलेली उत्तरे

‘जुन्या कंपनीचे ६०,००० सोडून द्यावेत का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. रक्कम वाईट नव्हती आणि माणसे ओळखीची होती. पण ठरलेले तास, वरिष्ठाची देखरेख, रजेला परवानगी आणि दुसरीकडे काम करण्यास मनाई, एवढे सगळे एकत्र आले की कागदावर ‘सल्लागार’ असे लिहिले तरी तो व्यवहार वस्तुतः नोकरीचाच ठरू शकतो. मग त्यावर पगाराप्रमाणे कर कापायचा की व्यावसायिक शुल्काप्रमाणे, असा वाद पुढे उभा राहतो, आणि त्याचा त्रास दोन्ही बाजूंना होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आठवड्याचे चार दिवस गेल्यावर शिरोलीला जायला दिवसच उरणार नव्हता. मी त्यांना नकार देण्याऐवजी उलट प्रस्ताव देण्यास सुचवले: महिन्याला तीन दिवस, सहा महिन्यांचा करार, काम एकच, ते म्हणजे त्यांच्या जागी आलेल्या तरुण अभियंत्याला शटडाउन नियोजनात तयार करणे, आणि इतर कामांवर बंधन नाही.

‘निवृत्तीच्या पत्रात गोपनीयतेची अट आहे. मग मला दुसऱ्यांकडे काम करता येईल का?’ भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार एखाद्याला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो, त्यामुळे नोकरी संपल्यानंतर ‘दुसरीकडे काम करू नका’ ही अट सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते. जुन्या कंपनीचे आराखडे, पुरवठादारांचे दर आणि बिघाडांच्या नोंदी कंपनीच्या असतात, तर गळती कशी शोधावी हे ज्ञान माणसाचे स्वतःचे असते. त्यांच्या लॅपटॉपवर जुन्या कंपनीच्या काही एक्सेल फाइली होत्या. त्या त्यांनी पुसून टाकल्या आणि मोजणीचा तक्ता कोऱ्या पानावर नव्याने तयार केला.

‘दिवसाला ६,००० सांगू का?’ वर्षाचे १८ लाख भागिले ३०० दिवस, असा त्यांचा हिशेब होता. निवृत्तांपैकी फार जण नेमके येथेच घसरतात, कारण नोकरीत सगळे दिवस पगाराचे असतात आणि स्वतंत्र कामात तसे नसते. काम मिळवणे, प्रवास, अहवाल लिहिणे, बिलाचा पाठपुरावा आणि रिकामे आठवडे वजा केले की एकट्या सल्लागाराचे बिल करता येण्याजोगे दिवस वर्षाला ८० ते १०० च्या पुढे क्वचितच जातात. १८ लाखांना १०० ने भागले तर १८,००० येतात. पहिल्याच कामाला एवढा दर सांगायला ते धजत नव्हते, म्हणून १५,००० वर आले. हा आकडा ग्राहकाला सांगायचा नसून आपण आपला हिशेब करायला वापरायचा आहे, एवढे मी त्यांना बजावले.

‘जीएसटी आणि कर यांचे काय?’ महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि ते त्या मर्यादेच्या पुष्कळ आत राहणार होते. अभियांत्रिकी हा प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ४४एडीए मध्ये मोडणारा व्यवसाय असल्यामुळे एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते आणि खर्चाची वेगवेगळी वह्या-बिले ठेवावी लागत नाहीत. आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरता येतो. ग्राहक कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस कापेल, तो वर्षअखेरीस हिशेबात येतो. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये वेगळा. (१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून आज सुरुवात करणाऱ्याने ते आपल्या सीएकडून तपासून घ्यावेत.) याखेरीज मी त्यांना एक गोष्ट आग्रहाने करायला लावली, ती म्हणजे उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून मोफत नोंदणी आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापणे. तिचे कारण पुढे येईल.

शुल्काचे तीन पर्याय

फाउंड्रीच्या मालकांनी भेटीत स्वतःच सुचवले, की वाचतील त्या पैशांत तुमचा वाटा. श्री. प. यांना ते पटले होते, कारण त्यांना आपल्या कामाची खात्री होती. मी मात्र त्यांना थांबवले. फाउंड्रीत विजेच्या बिलाचा मोठा भाग इंडक्शन भट्टीचा असतो. महिन्याचे उत्पादन थोडे वाढले की कॉम्प्रेसरवरची सगळी बचत बिलात बुडून जाते. मग बचत झाली की नाही यावर वाद होतो, आणि त्या वादात मोजमाप, नोंदी आणि यंत्रे सारीच ग्राहकाच्या ताब्यात असतात. शिवाय गळती बुजवण्याचे काम फाउंड्रीचे फिटर करणार. त्यांनी ते केलेच नाही तर सल्लागाराने कशाचे पैसे मागायचे?

दुसरा पर्याय दिवसाच्या दराचा होता. त्यात मालकाचे लक्ष कामाऐवजी दिवस मोजण्यावर जाते. पुण्याहून आलेला माणूस दुपारी चारला निघाला तर तो दिवस पूर्ण धरायचा की अर्धा, अशी चर्चा सुरू होते.

तिसरा पर्याय ठरावीक कामाला ठरावीक रक्कम हा होता, आणि तोच निवडला. मोजणी, गळत्यांची खूण, अहवाल, आणि तीन महिन्यांनी फेरमोजणी, असे मिळून त्यांच्या अंदाजाने नऊ दिवसांचे काम होते, म्हणून शुल्क १,३५,००० ठरले. प्रवास आणि मुक्कामाची व्यवस्था फाउंड्रीने परस्पर करायची होती. ४० टक्के आगाऊ, ४० टक्के अहवाल दिल्यावर ३० दिवसांत आणि २० टक्के फेरमोजणीनंतर, असे टप्पे ठरले. मोजणीची तारीख आगाऊ रक्कम जमा झाल्यावरच निश्चित होईल, हे वाक्य फाउंड्रीला द्यायच्या प्रस्तावाच्या पत्रात घालताना श्री. प. संकोचले होते, पण मालकांनी त्यावर एक शब्दही न बोलता दुसऱ्या आठवड्यात टीडीएस कापून पैसे भरले.

पत्र दोन पानांचे होते. त्यात काय करणार यापेक्षा काय करणार नाही हा भाग मी जास्त काळजीने लिहायला लावला. हे काम म्हणजे ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ खालील वैधानिक ऊर्जा लेखापरीक्षण नव्हे, सल्लागार कोणत्याही वैधानिक प्रमाणपत्रावर सही करणार नाही, आणि दुरुस्ती व तिची सुरक्षितता ही फाउंड्रीची जबाबदारी राहील, ही तीन वाक्ये त्यात होती.

प्रत्यक्ष काम

मोजणी एका रविवारी, कारखाना बंद असताना झाली. पद्धत साधी आहे. हवा वापरणारे एकही यंत्र चालू नसताना एक कॉम्प्रेसर सुरू ठेवायचा आणि तो किती वेळ लोडवर, म्हणजे हवा देत, आणि किती वेळ अनलोडवर, म्हणजे हवा न देता नुसता फिरत राहतो हे घड्याळाने मोजायचे. हवा कोणी वापरत नसल्यामुळे लोडवर असताना तो जी हवा देतो ती सगळी गळतीच असते. येथे ३५० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ३५० घनफूट हवा देणारा कॉम्प्रेसर सरासरी ४० सेकंद लोडवर आणि ६० सेकंद अनलोडवर होता. ३५० गुणिले ४० भागिले १००, म्हणजे गळती १४० सीएफएम. दोन कॉम्प्रेसरच्या मिळून ७०० सीएफएम क्षमतेच्या हे २० टक्के होते.

१०० सीएफएमला सुमारे १७ किलोवॅट धरले तर ही गळती २४ किलोवॅटची होते. वर्षाचे ७,००० तास आणि युनिटला सरासरी ९ रुपये या हिशेबाने रक्कम सुमारे १५ लाख येते. हा आकडा पाहून श्री. प. यांना अहवालाच्या पहिल्या पानावर ‘१५ लाखांची बचत’ असे लिहायचा मोह झाला, आणि या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक निर्णय तेथेच झाला. सगळी गळती कधीच बुजत नाही. निम्मी बुजली तरी काम चांगले म्हणायचे. त्यातही, हवा कमी लागू लागली म्हणून कॉम्प्रेसर बंद होत नाही, तो अनलोडवर जातो आणि अनलोडवरही पूर्ण भाराच्या पाव ते तृतीयांश वीज खातो. म्हणजे कागदावरच्या बचतीतून ३० टक्के आणखी वजा करायचे. असे करत प्रामाणिक आकडा वर्षाला पाच लाखांच्या थोडा वर येतो. अहवालात पाच लाख लिहिले गेले, आणि वजाबाकी कशी केली तेही लिहिले. १५ लाखांचा मथळा मालकांना आवडला असता, पण फेरमोजणीच्या दिवशी त्याच मथळ्याने सल्लागाराला खोटे पाडले असते.

अहवाल जानेवारी २०२४ मध्ये दिला. गळतीच्या जागांना क्रमांकाचे पत्रे बांधले होते आणि कोणती आधी बुजवायची याचा क्रम दिला होता. होज कपलिंग, हवा गाळणारे व दाब राखणारे एफआरएल युनिट आणि ड्रेन व्हॉल्व्ह यांतूनच बहुतेक हवा जात होती, आणि त्यांच्या दुरुस्तीला मोठा खर्च नव्हता.

एक अवघड क्षण

अहवाल देण्याच्या भेटीत मालकांनी सहज विचारले, “साहेब, आलाच आहात तर रिसीव्हरच्या तपासणीच्या कागदावरही सही कराल का? तुमच्याइतकं कोणाला कळतं?” हवेचा रिसीव्हर हे दाबाखालचे पात्र असल्याने कारखाने अधिनियमाखाली त्याची ठरावीक मुदतीने तपासणी लागते, आणि ती शासनाने मान्यता दिलेल्या सक्षम व्यक्तीनेच करायची असते. श्री. प. यांनी आयुष्यभर अशा तपासण्या करवून घेतल्या होत्या, पण स्वतः ते मान्यताप्राप्त नव्हते. नोकरीत असताना अशा गोष्टींना कंपनीचा सुरक्षा विभाग आणि कायदा विभाग पाठीशी असतो, बाहेर पडल्यावर सहीमागे माणूस एकटा असतो. त्यांनी पत्रातील वाक्य दाखवून नम्रपणे नकार दिला आणि मान्यताप्राप्त व्यक्तीकडून तपासणी करून घेण्याचा सल्ला लेखी कळवला. मालक क्षणभर नाराज दिसले, पण व्यवहार बिघडला नाही. ते वाक्य आधीच लिहिलेले नसते तर तो नकार माणसाला दिल्यासारखा झाला असता.

पैसे आणि परिणाम

दुसऱ्या टप्प्याचे ५४,००० रुपये फेब्रुवारीत यायला हवे होते, ते आले नाहीत. दोनदा फोन झाले, “करतो साहेब” एवढेच उत्तर मिळाले. तेव्हा श्री. प. यांनी फाउंड्रीच्या हिशेबनिसांना एक छोटा ईमेल पाठवला. त्यात तक्रार नव्हती. बिल क्रमांक, ठरलेली मुदत आणि उद्यम क्रमांक एवढेच होते. त्याच आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराचे कलम ४३बी(एच) लागू झाले होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजावटीस मिळतो. उशीर झालेली रक्कम ३१ मार्चनंतर द्यायची ठेवली असती तर फाउंड्रीची त्या वर्षाची वजावट गेली असती. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात रक्कम जमा झाली. सूक्ष्म-लघु उद्योग परिषदेकडे जाण्याचा मार्गही उपलब्ध होता, पण चालू ग्राहकाशी तो वापरायची वेळ न येणेच बरे.

एप्रिलमधील फेरमोजणीत लोडचा वेळ ४० वरून २२ सेकंदांवर आला होता आणि अनलोडचा ७८ सेकंद. गळती ७७ सीएफएम. वरच्याच पद्धतीने हिशेब केला तर बचत वर्षाला पावणेपाच लाखांच्या आसपास येते, म्हणजे अहवालातील आकड्याच्या जवळ. तरी मालक म्हणाले, “पण बिल तर कमी झालंच नाही.” भट्टीचे उत्पादन वाढले होते. रविवारच्या दोन मोजण्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर ते मानले आणि शेवटचे २७,००० मिळाले.

जुन्या कंपनीने तीन दिवसांचा उलट प्रस्ताव थोड्या घासाघिशीनंतर स्वीकारला होता. त्याचे १८ दिवसांचे २,७०,००० आणि फाउंड्रीचे १,०८,००० मिळून २०२३-२४ ची जमा ३,७८,००० झाली. कलम ४४एडीए प्रमाणे त्यातील १,८९,००० उत्पन्न धरले गेले. जुन्या कंपनीचा मूळ प्रस्ताव घेतला असता तर सहा महिन्यांत ३,६०,००० मिळाले असते, तेही आठवड्याचे चार दिवस देऊन. पुढच्या वर्षी त्याच मालकांच्या ओळखीने आणखी दोन फाउंड्रींचे काम आले.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते सर्वांत मोठी उणीव वीजमीटरची होती. दोन्ही कॉम्प्रेसरवर स्वतंत्र मीटर बसवणे ही कामाची पूर्वअट असायला हवी होती. तो खर्च शुल्काच्या तुलनेत लहान असतो. मीटर असता तर आधीचे आणि नंतरचे युनिट उत्पादनाच्या टनांशी ताडून दाखवता आले असते आणि ‘बिल कमी झाले नाही’ हा प्रश्न उठलाच नसता. रविवारच्या मोजणीवर मालकांचा विश्वास बसला, कारण ते स्वतः दोन्ही वेळा उभे होते. दुसऱ्या एखाद्या मालकाने तसा विश्वास ठेवला नसता.

दुसरी उणीव फोनची. अहवालानंतर फाउंड्रीचे देखभाल पर्यवेक्षक कूलिंग टॉवरपासून जनरेटरच्या बॅटरीपर्यंत कशासाठीही फोन करू लागले आणि श्री. प. आनंदाने उत्तरे देत राहिले. हे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कारण पुढची दोन कामे त्या स्नेहातूनच आली. पण पत्रात फोनवरील सल्ल्याची मुदत लिहिलेली असती, तर ती ओलांडून दिलेली मदत ही मदत म्हणून दिसली असती.

हवेचा दाब कमी करण्याचा मुद्दाही या कामात घ्यायला हवा होता. फाउंड्रीत दाब साडेसात बार ठेवला जात होता. एक बार कमी केला तर कॉम्प्रेसरची सहा ते सात टक्के वीज वाचते आणि उरलेली गळतीही घटते. पण मोल्डिंग यंत्रांना कमीत कमी किती दाब लागतो हे तपासायला उत्पादन चालू असतानाची एक वेगळी भेट लागते, आणि ती नऊ दिवसांत बसत नव्हती. दुसऱ्या वर्षीच्या करारात श्री. प. यांनी हे काम वेगळ्या टप्प्यात आणि वेगळ्या रकमेला घेतले आहे, आणि पहिल्या कलमातच लिहिले आहे की कॉम्प्रेसरवर मीटर बसून चार आठवड्यांच्या नोंदी हाती आल्यावर काम सुरू होईल.